लोहखनिजात ‘६३ टक्के’ म्हणजे नेमकं काय? हेमॅटाइट, मॅग्नेटाइट आणि ग्रेडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं खनिज तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारायचा, ‘किती टक्के निघालं?’ म्हणजे शंभर किलो खनिजात लोह किती किलो; यालाच ग्रेड म्हणतात. आकडा ऐकला की निम्मे लोक तिथूनच परत फिरायचे. उरलेल्या ३७ किंवा ४३ टक्क्यांत काय आहे, हे विचारणारे फार थोडे. पोलादाच्या कारखान्यात मात्र माणसं त्या उरलेल्या भागावरूनच भांडतात. म्हणून इथली उत्तरं थोडी त्या बाजूला झुकलेली दिसतील.

हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट यांत फरक काय?

दोन्ही लोखंडाची ऑक्साइडं. हेमॅटाइट म्हणजे Fe2O3. ते शंभर टक्के शुद्ध असेल तर त्यात वजनाने सुमारे ७० टक्के लोह असतं आणि बाकी ऑक्सिजन. मॅग्नेटाइट म्हणजे Fe3O4, त्यात शुद्ध अवस्थेत ७२.४ टक्के लोह. याचा अर्थ असा की कुणी हेमॅटाइटची खाण दाखवून ‘आमचा माल ७२ टक्क्यांचा’ म्हणाला, तर एकतर प्रयोगशाळा चुकली आहे किंवा माणूस खोटं बोलतो आहे.

तिसरं नाव या दोघांच्या मागे लपलेलं असतं, ते गोएथाइट. हे पाणी धरून बसलेलं लोखंडाचं ऑक्साइड, FeO(OH). शुद्ध असलं तरी त्यात ६३ टक्क्यांच्या आतच लोह असतं. गोव्यात आणि सिंधुदुर्गात ज्याला सरसकट हेमॅटाइट म्हणतात, त्यात गोएथाइटची भेसळ पुष्कळ असते. ही भेसळ निसर्गाने केलेली, माणसाने नव्हे. पुढे तिचा हिशोब येईल.

हातात दगड आहे. कोणता ते घरी कसं ओळखायचं?

बाथरूमच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली खरखरीत बाजू घ्या आणि त्यावर दगड घासा. दगड वरून काळा, करडा, तांबडा कसाही दिसो, रेघ लालसर तपकिरी उमटली तर हेमॅटाइट. रेघ काळी उमटली आणि चुंबक चटकन चिकटला तर मॅग्नेटाइट. पिवळसर तपकिरी रेघ म्हणजे गोएथाइट. दगडाच्या रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका. स्टीलसारखं चमकणारं करडं हेमॅटाइट पाहून भलेभले त्याला मॅग्नेटाइट म्हणतात, पण घासलं की लाल रंग बाहेर येतोच.

दुसरी खूण वजनाची. दोन्ही खनिजं पाण्याच्या पाचपट जड, तर गारगोटी जेमतेम अडीच-पावणेतीनपट. मूठभर दगड हातात घेऊन अपेक्षेपेक्षा हलका वाटला, तर त्यात गारगोटी किंवा माती बरीच आहे असं समजा.

नदीच्या वाळूत चुंबक फिरवला की काळे कण चिकटतात. तेही मॅग्नेटाइटच ना? मग ते का काढत नाहीत?

हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी केलेला आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट दगडात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. दगड झिजला की ते नदीत येतात आणि जड असल्यामुळे वळणावर साचतात. पण हे मॅग्नेटाइट बहुतेकदा टायटॅनियम मिसळलेलं असतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत तर मुख्य खनिज इल्मेनाइट आहे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम दोन्ही धरून असलेलं. झोतभट्टीत टायटॅनियम जास्त गेलं की खनिजातला कचरा वितळून होणारी मळी दाट होते आणि भट्टीच्या तोंडातून नीट वाहत नाही. त्यामुळे पोलादवाल्यांना ही वाळू नको असते. तिचं मोल टायटॅनियमसाठी.

जांभ्याबद्दलही असंच विचारतात. कोकणातला जांभा लालभडक दिसतो आणि त्यात लोखंड असतंही, पण त्याच्या जोडीला ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, भरपूर असतं. घर बांधायला उत्तम, भट्टीत घालायला नाही.

मॅग्नेटाइटमध्ये लोह जास्त, तरी भारतात सगळा कारभार हेमॅटाइटवर कसा?

कारण ७२ टक्के हा शुद्ध खनिजाचा आकडा आहे, खाणीतल्या दगडाचा नव्हे. दोन्हींची सुरुवात बहुतेक ठिकाणी एकाच प्रकारच्या खडकातून होते. अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्रतळावर लोखंडाचा एक थर, त्यावर सिलिकाचा एक थर असे पट्टे साचत गेले. आज हा पट्टेरी खडक फोडला की लाल-करड्या रेघा एकाआड एक दिसतात. त्यात लोह साधारण ३० ते ४० टक्के. काही ठिकाणी कोट्यवधी वर्षं पावसाचं आणि जमिनीतलं पाणी या खडकातून झिरपत राहिलं, त्याने सिलिका विरघळवून नेली, आणि मागे लोखंड उरलं. उरलेल्या लोखंडाचं ऑक्सिडीकरण होऊन हेमॅटाइट झालं. बैलाडिलाचे डोंगर, ओडिशा-झारखंडचा पट्टा, गडचिरोलीतलं सुरजागड हे असे निसर्गाने आधीच धुऊन ठेवलेले साठे. तिथे ६२ ते ६६ टक्क्यांचा दगड फोडून, चाळून थेट भट्टीकडे पाठवता येतो.

मॅग्नेटाइट बहुतेक ठिकाणी त्या धुलाईतून सुटलेलं, म्हणजे अजून सिलिकात अडकलेलं असतं. म्हणून खाणीत ते ३० ते ४० टक्क्यांचंच मिळतं. अपवाद आहेत. स्वीडनमधल्या किरुनाचं मॅग्नेटाइट मुळातच श्रीमंत आहे, पण त्याच्याबरोबर ॲपेटाइट नावाचं फॉस्फरसधारी खनिज आलं. फॉस्फरस काढता येत नव्हता तोवर त्या श्रीमंतीचा पोलादासाठी फारसा उपयोग नव्हता. १८७८-७९ मध्ये सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या इंग्रज माणसाने भट्टीला चुन्या-डोलोमाइटचं अस्तर देऊन फॉस्फरस मळीत ओढून घ्यायची रीत काढली. तेव्हा कुठे युरोपातल्या अशा खनिजांचं नशीब उघडलं.

भारतातलं बहुतेक मॅग्नेटाइट कर्नाटकात आहे आणि त्याचा मोठा भाग पश्चिम घाटाच्या जंगलाखाली. म्हणून तो आहे तिथेच आहे.

मग ३०-४० टक्क्यांचं मॅग्नेटाइट कुणी वापरतं तरी का?

कारण ते चुंबकाला चिकटतं. हा गुण फार मोलाचा आहे. दगड पिठासारखा दळला की मॅग्नेटाइटचे कण आणि सिलिकाचे कण सुटे होतात. मग पाण्यात कालवून तो गाळ चुंबकी ड्रमवरून सोडला की लोखंड वर चिकटतं आणि सिलिका खाली वाहून जाते. हेमॅटाइट साध्या चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. त्याच्यासाठी फार तीव्र चुंबकी क्षेत्र, किंवा वजनातल्या फरकावर चालणारी यंत्रं, किंवा रसायनं लावून बुडबुड्यांवर तरंगवणं असे उपाय करावे लागतात.

कुद्रेमुखचं उदाहरण घ्या. कर्नाटकातल्या या खाणीसाठी १९७६ मध्ये सरकारी कंपनी निघाली. सगळा माल इराण घेणार होता, पण तिथे क्रांती झाली आणि तो व्यवहार बारगळला. खाणीतला दगड सुमारे ३८ टक्क्यांचा. तो दळून, चुंबकावरून काढून ६६-६७ टक्क्यांचा माल तयार व्हायचा आणि पाण्यात कालवून ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळूरच्या बंदरापर्यंत वाहत जायचा. घाट उतरणीचा, त्यामुळे वाहतुकीला गुरुत्वाकर्षणाची मदत.

आता हिशोब करू. एक टन ३८ टक्क्यांच्या दगडात ३८० किलो लोह. समजा त्यातलं ७५ टक्के पकडता आलं, म्हणजे २८५ किलो. ते ६७ टक्क्यांच्या मालात बांधलेलं असेल तर माल भरतो सुमारे ४२५ किलो. बाकी ५७५ किलो काय झालं? तो बारीक गाळ. प्रत्येक टनामागे अर्ध्याहून जास्त गाळ धरणामागे साठवावा लागतो, आणि तो भद्रा नदीच्या उगमाच्या परिसरात, भरपूर पावसाच्या घाटमाथ्यावर. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती खाण २००५ च्या अखेरीस बंद झाली. गरीब खनिज श्रीमंत करता येतं, पण दळणाची वीज आणि गाळाची जागा हे दोन्ही कुठून तरी द्यावं लागतं.

गडचिरोलीत आता हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला आहे. सुरजागडच्या पट्ट्यात श्रीमंत हेमॅटाइटच्या जोडीला पट्टेरी हेमॅटाइट-क्वार्टझाइट आहे आणि त्यावर प्रक्रिया करण्याकडे उद्योगाचं लक्ष आहे. ते हेमॅटाइट असल्यामुळे कुद्रेमुखची सोपी चुंबकी वाट तिथे पूर्णपणे लागू होत नाही.

६३ टक्क्यांचं आणि ५७ टक्क्यांचं खनिज यांत फरक सहाच टक्क्यांचा. एवढा गाजावाजा कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून आकडे मांडून सांगतो. भट्टीतून एक टन कच्चं लोखंड काढायचं आहे आणि त्यात ९४५ किलो लोह लागतं असं धरू. बाकी मुख्यतः कार्बन. एक सोय म्हणून भट्टीत सगळं लोह खनिजातूनच येतं आणि वाया काही जात नाही असं मानू.

पहिलं खनिज ६३ टक्के लोहाचं, त्यात सिलिका ३ आणि ॲल्युमिना २.५ टक्के. ते लागेल दीड टन. त्याबरोबर भट्टीत जाणारं सिलिका-ॲल्युमिना सुमारे ८२ किलो. दुसरं ५७ टक्क्यांचं, सिलिका ५.५ आणि ॲल्युमिना ४.५ टक्के. ते लागेल १६५८ किलो, आणि सिलिका-ॲल्युमिना होईल १६६ किलो. लोहात सहा टक्क्यांचा फरक, पण कचरा दुप्पट. शाळेच्या पुस्तकात याला मृदा अशुद्धी म्हणतात.

ही अशुद्धी आपोआप बाहेर पडत नाही. कोकच्या राखेतूनही साधारण ६० किलो सिलिका-ॲल्युमिना येतं. हे सगळं वितळवायला चुनखडी आणि डोलोमाइट घालावं लागतं. भाजल्यानंतर उरणारा चुना नि मॅग्नेशिया धरला तर तो अशुद्धीच्या सुमारे नव्वद टक्के वजनाचा. म्हणजे पहिल्या खनिजाला मळी येईल साधारण २७० किलो, दुसऱ्याला ४३०. हा जास्तीचा १६० किलो भार भट्टीत दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवून वाहता ठेवायचा. त्यासाठी १४० किलोच्या आसपास जास्तीचा दगड भाजायचा, मग तो भट्टीत भाजा की आधी सिंटरमध्ये, म्हणजे भुकटी भाजून केलेल्या ढेपांत, मिसळून. उष्णता कुठे ना कुठे खर्च होतेच आणि ती कोकमधून येते. धातुकर्म कोकसाठी लागणारा कोळसा आपण मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो, त्यामुळे खनिज स्वस्तात मिळालं तरी कोकच्या बिलात ते वसूल होतं.

शिवाय भट्टीचं पोट ठरलेलं आहे. मळीने जागा घेतली की लोखंडाला जागा कमी. रोजचं उत्पादन घटतं आणि कारखान्याचा ठरलेला खर्च कमी टनांवर वाटला जातो. खरेदी विभागाला खनिजाची किंमत दिसते, भट्टीच्या माणसाला हे दिसतं. त्यांचे वाद इथूनच सुरू होतात.

म्हणजे ५७ टक्क्यांचं खनिज नेहमी वाईट?

नाही. इथेच गोएथाइटचा हिशोब येतो. वरच्या दुसऱ्या खनिजात ८ टक्के वजन तापवल्यावर उडून जाणारं होतं, मुख्यतः स्फटिकात बांधलेलं पाणी. प्रयोगशाळेत वाळवलेली पूड हजार अंशांच्या आसपास भाजली की जितकं वजन घटतं, तितका हा आकडा. भाजल्यानंतर तेच ५७ टक्क्यांचं खनिज ६२ टक्क्यांचं होतं. पाणी मळीत जात नाही, वायूबरोबर निघून जातं. ते काढायला उष्णता लागते, पण मळी वाढत नाही.

आता तिसरं खनिज कल्पा, लोह तेवढंच ५७ टक्के, पण बांधलेलं पाणी फक्त दीड टक्का आणि सिलिका-ॲल्युमिना मिळून १७ टक्के. तोच हिशोब केला तर मळी साडेसहाशे किलोपर्यंत जाते. बिलावर दोन्हींचा ग्रेड एकच. भट्टीत एक चालवून घेता येईल आणि दुसऱ्याने भट्टीवाला हैराण होईल.

पण त्याचीही दुसरी बाजू आहे. त्या तिसऱ्या खनिजातली सिलिका सुटी गारगोटी असेल तर ती धुऊन-चाळून निघते आणि माल झटक्यात चांगला होतो. गोएथाइटच्या स्फटिकातच शिरलेलं ॲल्युमिना मात्र कितीही दळलं तरी हटत नाही. म्हणून खनिज विकत घेण्याआधी त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा भूवैज्ञानिक महाग वाटत असला तरी परवडतो.

आपल्या खनिजात ॲल्युमिनाची तक्रार का असते?

भारतातले हेमॅटाइटचे साठे लोखंडाने श्रीमंत, पण उष्ण आणि पावसाळी हवेत वरचा थर कुजून त्यात चिकणमाती मिसळलेली. माती म्हणजे ॲल्युमिना. सिलिकाच्या मानाने ॲल्युमिना जास्त झालं की मळी दाटते. मळीत ते १८-२० टक्क्यांकडे गेलं की ती चिकट होते, गंधक नीट धरत नाही आणि भट्टीतून काढताना त्रास देते. मग डोलोमाइट वाढवून मॅग्नेशिया आणावं लागतं, म्हणजे मळी आणखी वाढली.

ही माती खनिजाच्या बारीक भागात जास्त असते. दगडी ढेप हातात घेतली तर स्वच्छ दिसते, आणि तिच्याच ढिगाखालची भुकटी बोटांना साबणासारखी लागते. ओल्या भुकटीचा गोळा वळता आला, सुकल्यावर टणक राहिला, तर माती भरपूर आहे असं समजावं. पाण्याने धुणं हा पहिला आणि स्वस्त उपाय. त्यातून निघणारा लाल गाळ कुठे ठेवायचा, हा पावसाळ्यातला प्रश्न.

गोव्याचा माल कमी ग्रेडचा, तरी इतकी वर्षं परदेशी कसा गेला?

गोव्याचा बराच माल भुकटी स्वरूपाचा आणि ६० टक्क्यांच्या आतला. देशातले कारखाने ६२ च्या वरचा मागायचे आणि तो त्यांना इतर राज्यांतून मिळत होता. गोव्याकडे मात्र मांडवी आणि जुवारी होत्या. खाणीपासून थोडं अंतर ट्रकने, मग बार्जमधून मुरगावला, तिथून जहाजात. वाहतूक इतकी सोपी की गरीब खनिजही परवडायचं. पोर्तुगीज राजवटीतच ते जपानला जाऊ लागलं. २००० नंतर चीनची भूक वाढली, आणि चिनी कारखान्यांनी ५८ च्या आतला मालही ब्राझीलच्या श्रीमंत खनिजात मिसळून वापरला. आधी टाकाऊ म्हणून डोंगर करून ठेवलेला दगड त्या काळात विकला गेला. म्हणजे ग्रेड दगडाचा तोच, पण तो ‘खनिज’ आहे की ‘माती’ हे भाव ठरवतो.

२०१२ मध्ये राज्यातलं खाणकाम थांबलं. पुढे फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. त्या कथेत ग्रेडचा वाटा छोटा आहे, त्यामुळे इथे थांबतो. निर्यात शुल्कात मात्र ५८ टक्क्यांची रेघ ठळक दिसते. मे २०२२ मध्ये सरकारने खालच्या ग्रेडवरही शुल्क लावलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५८ च्या आतल्या मालाचं शुल्क पुन्हा काढलं. वरच्या मालावर ३० टक्के. ५७.९ आणि ५८.१ या दोन अहवालांत किती पैसे अडकलेले असतात, ते यावरून कळेल.

फॉस्फरसचा एवढा धसका का? तो तर शेकडा शून्य पॉइंट काहीतरी असतो.

कारण तो सगळा लोखंडात जातो. सिलिका मळीत निघते, पाणी उडून जातं, पण झोतभट्टीत फॉस्फरस जवळजवळ पूर्णपणे कच्च्या लोखंडात उतरतो. मोठ्या कारखान्यात पुढे ऑक्सिजनच्या भांड्यात चुना घालून तो काढतात. जालन्यातल्या इंडक्शन भट्ट्यांना ही सोय नाही. तिथे भंगार आणि स्पंज आयर्न, म्हणजे न वितळवता फक्त ऑक्सिजन काढून घेतलेलं खनिज, वितळवून सळईचं पोलाद करतात, आणि भट्टीचं अस्तर बहुतेक ठिकाणी सिलिकाचं असतं. चुना घातला तर तो अस्तरच खातो. म्हणून जेवढा फॉस्फरस आत गेला, जवळपास तेवढाच सळईत.

समजा ६३ टक्क्यांच्या खनिजात फॉस्फरस ०.०६ टक्के आहे. ऑक्सिजन निघून गेला की तोच फॉस्फरस कमी वजनात गोळा होतो. ०.०६ ला ०.६३ ने भागा, लोहाच्या वजनावर तो पडतो ०.०९५ टक्के. Fe 500 सळईच्या भारतीय मानकात मर्यादा ०.०५५. भंगारात ०.०३ टक्के आहे असं धरून अर्धं-अर्धं मिसळलं तर पोलादात येतो ०.०६३, म्हणजे नापास. स्पंजचा वाटा चाळीस टक्क्यांवर आणला तरी ०.०५६, अजून थोडा वरच. त्याऐवजी खनिजातच फॉस्फरस ०.०३ टक्के असता तर लोहाच्या वजनावर तो ०.०४८ झाला असता आणि कोणत्याही मिश्रणात सळई पास. अहवालात दुसऱ्या दशांश स्थळावर दिसणारा हा फरक. आणि बाहेरून सळई दोन्हींची सारखीच दिसते. जास्त फॉस्फरसची थंडीत ठिसूळ होते.

स्पंज आयर्नसाठी ग्रेड इतका उंच का मागतात?

झोतभट्टीत सगळं वितळतं, त्यामुळे कचरा मळी बनून वेगळा होतो. स्पंज आयर्नमध्ये काहीच वितळत नाही. खनिजातला ऑक्सिजन फक्त निघतो आणि दगडातली घाण जागच्या जागी राहते. वरच्या पहिल्या, चांगल्या खनिजाचं स्पंज केलं तर दीड टनातून ९४५ किलो लोह आणि ८२ किलो घाण उरते, म्हणजे वजनाच्या आठ टक्के. दुसऱ्याचं केलं तर पंधरा टक्के. ही घाण पुढे विजेवर वितळवायची आणि तिची मळी हाताने खरवडायची. म्हणून कोळशावर चालणाऱ्या फिरत्या भट्ट्यांना शक्यतो ६३-६५ टक्क्यांचे, ठरावीक आकाराचे, हाताळताना न फुटणारे तुकडे हवे असतात. वायूवर चालणाऱ्या यंत्रांना ६७ टक्क्यांच्या आसपासचे पेलेट, म्हणजे भुकटी वळून भाजलेल्या गोळ्या. कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून पोलाद करायची चर्चा निघाली की मॅग्नेटाइटला पुन्हा भाव येतो तो यामुळेच, कारण दळून-चुंबकाने काढलेल्या मॅग्नेटाइटला तो ग्रेड गाठणं सोपं जातं.

मॅग्नेटाइट थेट भट्टीत टाकता येत नाही का?

येतं, पण ते घट्ट असल्यामुळे वायू आत शिरत नाही आणि ऑक्सिजन सावकाश निघतो. हेमॅटाइटचं रूपांतर होताना स्फटिकाची रचना बदलते, आत भेगा-छिद्रं पडतात, आणि वायूला वाट मिळते. म्हणून मॅग्नेटाइटची भुकटी गोळ्या वळून भाजतात. भाजताना ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हेमॅटाइट बनतं आणि त्यात उष्णता बाहेर पडते, त्यामुळे पेलेट भाजायचं इंधन वाचतं. दळणावर खर्च झालेल्या ऊर्जेतली थोडी परतफेड इथे होते.

अहवाल हातात आला. काय वाचायचं?

लोहाचा आकडा वाचा, पण लगेच पुढे जा. सिलिका, ॲल्युमिना, फॉस्फरस, गंधक आणि भाजल्यावर घटणारं वजन, हे सगळं हवं. लोह हेमॅटाइटचं आहे असं धरून त्याला ०.७ ने भागा, त्यात बाकीचे टक्के मिळवा. बेरीज ९९-१०० च्या आसपास आली पाहिजे. ९४ आली तर काहीतरी मोजलेलं नाही, १०४ आली तर काहीतरी चुकलं आहे, किंवा खनिज मॅग्नेटाइट आहे आणि भागायचा आकडाच वेगळा हवा. मॅग्नेटाइटची आणखी एक गंमत म्हणजे ते भाजल्यावर वजन घटण्याऐवजी थोडं वाढतं, कारण ते ऑक्सिजन घेतं. नव्या तंत्रज्ञाला हा उणे आकडा चूक वाटतो आणि तो गपचूप शून्य लिहून टाकतो. मी स्वतः हे केलेलं आहे.

टक्के ओल्या मालावर आहेत की सुक्या, तेही बघा. व्यवहार सुक्या टनावर होतो आणि पावसाळ्यात भुकटीत आठ-दहा टक्के पाणी सहज असतं. ते पाणी गोएथाइटमधल्या बांधलेल्या पाण्यापेक्षा वेगळं. हे १०५ अंशांना वाळतं, ते वाळत नाही.

आणि शेवटी नमुना. एकदा एका विक्रेत्याने स्वच्छ पिशवीत घालून नमुना आणला, आकडा ६५ च्या वर आला. गाडी आली तेव्हा ५९. कुणी फसवलं नव्हतं म्हणे. त्यांच्या माणसाने ढिगाच्या वरून चांगले चमकणारे दगड वेचले होते. ढीग ओतताना मोठे दगड घरंगळून पायथ्याला जातात, भुकटी मधे राहते, आणि पाऊस वरचा थर धुऊन काढतो. त्यामुळे ढिगाच्या कुठल्याही एका जागेचा नमुना त्या जागेचाच असतो. माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावरून तो पडत असताना ठरावीक वेळाने आडवा काप घेणं हा खरा नमुना. ते जमत नसेल तर ढीग यंत्राने फोडून, वेगवेगळ्या खोलीवरून बऱ्याच फावड्या माल घ्या, एकत्र कुटा, चार भाग करून समोरासमोरचे दोनच ठेवत कमी करा, आणि मगच पिशवी भरा.